हार्डनरची इटालियन सुरक्षा पत्रिका मराठीत आणताना: हिंगण्याच्या एका कारखान्याचं प्रकरण

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत लाकडी फर्निचरचा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. तिथे दारांवर आणि मॉड्युलर किचनच्या शटरवर पॉलियुरेथेनचं पॉलिश स्प्रे करतात. हे पॉलिश दोन भागांत येतं, बेस आणि हार्डनर. दोन्ही इटलीहून येतात, पातळ करायला लागणारा थिनरही तिथलाच. प्रत्येक मालासोबत सोळा विभागांची सुरक्षा माहितीपत्रिका असते. कारखान्यात तिला सगळे अजून एमएसडीएसच म्हणतात.

आयातदाराकडे हार्डनरची इंग्रजी पत्रिकाही होती, पण ती २०१९ ची. डब्यांबरोबर आलेली इटालियन पत्रिका २०२३ ची होती आणि तिच्या दुसऱ्या विभागात श्वासावाटे ॲलर्जी किंवा दम्याचा धोका सांगणारा एक कोड नव्यानं आला होता: H334. कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरनी दोन्ही कागद शेजारी ठेवून नुसते कोड ताडून पाहिले, म्हणून हे ध्यानात आलं. त्याआधी एका एजन्सीकडून मराठी भाषांतर करून घेतलं होतं आणि त्यातली वाक्यं स्प्रे बूथच्या भिंतीवर लावली होती. ते भाषांतर तपासायचं, हार्डनरची नवी इटालियन पत्रिका पूर्ण मराठीत आणायची आणि भिंतीसाठी एक पानाचं कार्ड करायचं, असं काम माझ्याकडे आलं. बेस आणि थिनर यांच्या पत्रिकांमधले फक्त कोड आणि त्यांची वाक्यं पाहायची होती.

अशा पत्रिकेत दोन जातींचा मजकूर असतो आणि त्यांना वेगवेगळं वागवावं लागतं. दुसऱ्या विभागातली H ची धोका-वाक्यं आणि P ची दक्षता-वाक्यं उत्पादकानं स्वतः लिहिलेली नसतात. युरोपीय संघाच्या १२७२/२००८ या नियमावलीत ती संघाच्या प्रत्येक अधिकृत भाषेत छापलेली आहेत, H ची तिसऱ्या परिशिष्टात आणि P ची चौथ्या परिशिष्टात. उत्पादक तिथून जसंच्या तसं वाक्य उचलतो. पत्रिकेचा बाकीचा मजकूर, म्हणजे प्रथमोपचार, साठवण, हातमोजे, विल्हेवाट, हा मात्र उत्पादकाचा स्वतःचा. संघाच्या अधिकृत भाषांत मराठी अर्थातच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांतही नाही. त्यामुळे मराठी वाक्य आपल्यालाच घडवावं लागतं. पण ते इटालियन वाक्याचं भाषांतर म्हणून घडवायचं नाही, कोडचं मराठी रूप म्हणून घडवायचं. हा फरक किती मोठा आहे ते एजन्सीच्या कागदानं पहिल्याच ओळीत दाखवलं.

ज्वालाग्राहीपणाच्या तीन पायऱ्या

हार्डनरवर H225 आहे. इटालियन वाक्य असं: 'लिक्विदो ए वापोरी फाचिल्मेंते इन्फियाम्माबिली'. फाचिल्मेंते म्हणजे सहज. एजन्सीनं लिहिलं होतं, 'सहज पेटणारा द्रव'. शब्द म्हणून यात चूक नाही. त्याच स्टोअरमध्ये सिलिकॉन स्प्रेचे इटालियन कॅन होते, त्यांच्यावर H222, 'आल्तामेंते इन्फियाम्माबिले'. आल्तामेंते म्हणजे उच्च प्रमाणात. एजन्सीनं तिथे 'तीव्र ज्वालाग्राही' लिहिलं. थिनरवरही H225 च होता, पण त्याची इंग्रजी पत्रिका नवी असल्यानं एजन्सीनं तो इंग्रजीवरून केला. इंग्रजीत H225 साठी 'हायली' आहे, म्हणून तिथेही 'तीव्र ज्वालाग्राही' आलं.

आता स्टोअरमधल्या माणसाला काय दिसतं? थिनर आणि स्प्रे कॅन एकाच पायरीवर, हार्डनर त्याहून खाली. खरं पाहता थिनर आणि हार्डनर एका पायरीवर आहेत आणि कॅन त्यांच्या वर. गोंधळाचं मूळ असं की इटालियन आणि इंग्रजी यांच्या शिड्या एकमेकींशी जुळत नाहीत. इंग्रजीत वरून खाली 'एक्स्ट्रीमली', 'हायली' आणि नुसतं 'फ्लेमेबल' असा क्रम आहे. इटालियनमध्ये तोच क्रम 'आल्तामेंते', 'फाचिल्मेंते' आणि नुसतं 'इन्फियाम्माबिले' असा लागतो. इटालियनचा सगळ्यात वरचा शब्द आणि इंग्रजीचा मधला शब्द शब्दकोशात एकच ठरतात. दोन भाषांतरकार दोन भाषांतून प्रामाणिकपणे काम करतील आणि एका पायरीनं चुकतील.

यातून सुटायचं तर पायरी आकड्यावरून ठरवायची. द्रव पदार्थाचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला वरची वाफ ठिणगीनं पेटते तो बिंदू, २३ अंशांखाली असेल आणि द्रव ३५ अंशांपर्यंतच उकळायला लागत असेल, तर H224. ज्वलनांक २३ च्या खाली पण उकळणं ३५ च्या वर असेल, तर H225. ज्वलनांक २३ ते ६० च्या दरम्यान असेल, तर H226. हार्डनरच्या नवव्या विभागात ज्वलनांक उणे २ अंश दिला होता, उत्कलन ७७ च्या आसपास. त्यात इथाइल ॲसिटेट आहे, तेव्हा हे आकडे पटण्यासारखे होते. कोड आणि आकडा एकमेकांना धरून आहेत एवढी खात्री झाल्यावर मी मराठी शिडी पक्की केली: H226 'ज्वालाग्राही', H225 'तीव्र ज्वालाग्राही', H224 'अत्यंत ज्वालाग्राही'. कॅन आणि वायूंच्या सगळ्यात वरच्या पायरीलाही 'अत्यंत'च. तिन्ही मालांच्या कागदांवर हेच शब्द, कुठेही पर्यायी शब्द नाही.

एजन्सीच्या ओळीत आणखी एक गोष्ट निसटली होती. मूळ वाक्यात द्रव 'आणि वाफ' आहे. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. बूथपासून काही पावलांवर कटिंगचा विभाग आहे, तिथे दिवसभर ग्राइंडर चालतो. 'पेटणारा द्रव' एवढंच वाचणारा माणूस डबा सांभाळेल, जमिनीकडे त्याचं लक्ष जाणार नाही.

बेसवर H226 होता, ज्वलनांक २५ अंश. कागदावर ही सगळ्यात खालची पायरी. पण नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि पत्र्याच्या शेडमधलं स्टोअर त्याहून तापतं. म्हणजे इथे उन्हाळाभर हा बेस आपल्या ज्वलनांकाच्या वरच असतो आणि उघड्या डब्यावर पेटू शकणारी वाफ तयार असते. दक्षता-वाक्य सांगतं, 'थंड जागी साठवा'. मी मराठीतही तेवढंच लिहिलं, कारण ते वाक्य बंदिस्त आहे, म्हणजे नियमावलीतून आलेलं, त्यात आपली भर घालता येत नाही. थंड म्हणजे किती, हे सातव्या विभागात उत्पादकानं ५ ते ३० अंश असं दिलं होतं. तो आकडा कार्डावर मोठ्या अक्षरात घेतला. त्यावरून माल कूलर लावलेल्या पक्क्या खोलीत हलवण्याचा निर्णय कारखान्यानं घेतला.

भिंतीवरचा मृत्यू

जुन्या कार्डावर एक वाक्य लाल अक्षरात होतं: 'श्वासावाटे शरीरात गेल्यास मृत्यू येतो.' त्याखाली, 'कर्करोग होतो.' कामगार ही वाक्यं रोज वाचत होते आणि रोज स्प्रेही करत होते. काही दिवस घाबरले, मग त्यांचा त्या कागदावरचा विश्वासच उडाला. एक जण मला म्हणाला, "मॅडम, तसं असतं तर आमी कवाचेच गेलो असतो जी."

ही वाक्यं आली सोळाव्या विभागातून. तिथे पत्रिकेत कुठेही उल्लेख झालेल्या प्रत्येक H कोडचं पूर्ण वाक्य दिलेलं असतं. त्यात दुसऱ्या विभागातले म्हणजे मालाचे कोड असतात आणि तिसऱ्या विभागातले म्हणजे सुट्या घटकांचेही असतात. हार्डनरच्या तिसऱ्या विभागात टोल्युइन डायआयसोसायनेट हा घटक आहे. तो शुद्ध असताना त्याला H330 लागतो, श्वासावाटे प्राणघातक. H351 ही लागतो, पण त्याचा अर्थ 'कर्करोग होत असल्याचा संशय आहे' असा आहे. 'कर्करोग होऊ शकतो' हे H350 चं वाक्य, एक पायरी वरचं, आणि 'होतो' असं ठाम वाक्य तर यादीत कुठेच नाही. डब्यात हा घटक पॉलिमर बनवताना उरलेला म्हणून येतो, तिसऱ्या विभागाप्रमाणे '०,३' टक्के. इटालियनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणजे हे शून्य दशांश तीन. हजारांसाठी ते टिंब वापरतात, त्यामुळे अकराव्या विभागातलं '५.६२०' हे पाच हजार सहाशे वीस. आपल्याकडे दोन्ही खुणा नेमक्या उलट वाचल्या जातात, म्हणून सगळे आकडे आधी आपल्या पद्धतीत उतरवून घ्यायचे आणि मगच वाक्यांकडे वळायचं, हा माझा नेहमीचा क्रम आहे.

०.३ टक्क्यांवर H351 मालाला लागत नाही, त्यासाठी हा घटक १ टक्का लागतो. H330 ही लागत नाही. पण H334 लागतो, कारण या पदार्थासाठी त्याची मर्यादा फक्त ०.१ टक्का आहे. म्हणजे जुन्या कार्डावर मालाला न लागणारे दोन धोके होते आणि लागणारा सगळ्यात महत्त्वाचा धोका नव्हता. नव्या पत्रिकेत तिसऱ्या आणि सोळाव्या विभागाच्या डोक्यावर मी भाषांतरकाराची टीप म्हणून एक ओळ घातली: हे कोड सुट्या घटकांचे आहेत, मालाचे कोड विभाग २ मध्ये पाहा. कार्डासाठीचे कोड फक्त दुसऱ्या विभागातून घेतले.

H334 आणि मास्क

H334 चं मराठी मी असं ठरवलं: 'श्वासावाटे शरीरात गेल्यास ॲलर्जीची किंवा दम्याची लक्षणे दिसू शकतात किंवा श्वास घेणे कठीण होऊ शकते.' हे वाक्य बरोबर आहे, पण कामगाराला त्यातून पुरतं कळत नाही. एकतर 'ॲलर्जी' म्हटलं की धुळीची शिंक डोळ्यांपुढे येते. दुसरं म्हणजे या वाक्यात काळ नाही. आयसोसायनेटची ॲलर्जी महिनोन्महिने काम केल्यावरही जडू शकते, आणि एकदा जडली की पुढे अगदी थोड्या वाफेनंही दम लागतो. त्रास कित्येकदा काम संपल्यावर काही तासांनी सुरू होतो.

कच्चं कार्ड वाचून दाखवायला मी बूथवर गेले, तेव्हा सगळ्यात जुने स्प्रेमन काका हातातली गन खाली ठेवून म्हणाले, "खोकला येते मले, पण रातच्यानं. बूथमंदी रायतो तवा काईच होत नाई. मंग तो याचा कसा म्हणाव?" सेफ्टी ऑफिसर शेजारीच उभे होते. त्यांनी त्याच आठवड्यात काकांना छातीच्या डॉक्टरकडे पाठवलं, सोबत हार्डनरच्या पत्रिकेची प्रत दिली आणि अहवाल येईपर्यंत त्यांना पॅकिंगमध्ये घेतलं. काकांचा प्रश्न मी तसाच कार्डात वळवला. H334 च्या खाली, 'कारखान्याची सूचना' अशा वेगळ्या शीर्षकाखाली दोन ओळी आल्या: 'खोकला, छाती दाटणे, दम लागणे हा त्रास घरी गेल्यावर रात्रीही होऊ शकतो. असे झाल्यास दुसऱ्या दिवशी बूथवर जाण्याआधी सांगा.' अकराव्या विभागात उशिरा दिसणाऱ्या लक्षणांचा उल्लेख आहे, त्याचा आधार मी ऑफिसरना दाखवला आणि त्यांनी सही केली. बंदिस्त वाक्यात हे घुसवता आलं नसतं. वेगळ्या शीर्षकाखाली ते कारखान्याच्या जबाबदारीवर लिहिता येतं.

यानंतरचा अडथळा P284. त्यात 'श्वसन संरक्षक उपकरण' वापरा असं आहे. एजन्सीनं लिहिलं होतं 'मास्क लावा', आणि बूथमध्ये सगळ्यांनी मास्क लावलेलेच होते: कुणाचा कापडी, कुणाचा निळा सर्जिकल, एकानं उन्हासाठी बांधतो तसा दुपट्टा गुंडाळलेला. सूचना त्यांच्या समजुतीप्रमाणे पाळली जात होती. द्रावकाची वाफ यातल्या कशानंच अडत नाही. आठव्या विभागात उत्पादकानं सेंद्रिय वाफेसाठीचा ए प्रकारचा फिल्टर आणि स्प्रेच्या तुषारांसाठी सोबत कणांचा फिल्टर सांगितला होता. बंद जागी स्प्रे करताना बाहेरून नळीनं हवा पुरवणारं उपकरण वापरायला सांगितलं होतं. पत्रिकेत मी 'रेस्पिरेटर' हा शब्द घेतला आणि आठव्या विभागात फिल्टरचा प्रकार आणि त्याच्या पट्टीचा तपकिरी रंग लिहिला. कार्डावर शब्दांच्या जोडीला त्याच रेस्पिरेटरचा फोटो लावला आणि खाली: 'कापडी किंवा सर्जिकल मास्क चालणार नाही.' वास येत नाही म्हणजे हवा साफ आहे, हा समजही तिथे खोडला. आयसोसायनेटचा वास जाणवेपर्यंत सुरक्षित मर्यादा ओलांडलेली असते.

इथेच P260 आणि P261 चा प्रश्न आला. पहिल्याचा अर्थ 'श्वासात घेऊ नका', दुसऱ्याचा 'श्वासात घेणे टाळा'. हार्डनरवर P261 होता. 'टाळा' हे कामगारांना जमलं तर करायची गोष्ट वाटतं, म्हणून ऑफिसरना तिथेही 'घेऊ नका' हवं होतं. मी नकार दिला. दोन वाक्यांना दोन कोड आहेत. उद्या दुसरा माल P260 घेऊन आला तर त्याला काय लिहायचं? पत्रिकेत 'टाळा' राहिलं. कार्डावर कारखान्याच्या सूचनेत 'रेस्पिरेटरशिवाय बूथमध्ये जाऊ नका' असं स्पष्ट आलं, आणि त्यांना जे हवं होतं ते त्या ओळीनं जास्त नीट साधलं.

सातव्या विभागातल्या 'वापरताना खाऊ, पिऊ किंवा धूम्रपान करू नका' या वाक्यातही असंच. पत्रिकेत तेवढंच, कार्डावर मात्र 'खर्रा' हा शब्द टाकला. इथे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, पन्नीत घेऊन हातानं घोटतात. हार्डनर लागलेल्या बोटांनी घोटलेला खर्रा थेट तोंडात जातो, आणि 'खाऊ नका' वाचून कुणालाही खर्रा आठवत नाही. प्रथमोपचाराच्या विभागात 'उलटी फक्त डॉक्टरांच्या सांगण्यावरून करवावी' अशा अर्थाचं वाक्य होतं. हा मजकूर बंदिस्त नसल्यानं मी ते उलटवून लिहिलं: 'डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ओकारी काढायला लावू नका.' घाईत वाचणाऱ्याला वाक्याचा पहिला अर्धाच दिसतो, आणि मीठ-पाणी पाजायची सवय घरोघरी आहे.

एका ठिकाणी पत्रिका स्वतःशीच भांडते असं वाटतं, आणि एजन्सीनं तिथे परस्पर दुरुस्ती केली होती. सातव्या विभागात डबा घट्ट बंद ठेवा असं आहे. सहाव्यात, सांडलेला माल गोळा केलेला डबा घट्ट बंद करू नका असं आहे. दोन्ही खरं आहे. हार्डनर पाण्याशी किंवा दमट हवेशी मिसळला की कार्बन डायऑक्साइड सुटतो. कोरडा माल बंद ठेवायचा तो ओलावा आत जाऊ नये म्हणून. सांडून ओलावा लागलेला माल बंद केला तर आत दाब वाढून डबा फुटू शकतो. पावसाळ्यात तर हे आणखी लवकर होतं. एजन्सीनं सहाव्या विभागातही 'घट्ट बंद करा' केलं होतं, एकसारखेपणा यावा म्हणून. मी मूळ वाक्य परत आणलं.

तपासणी आणि सही

काम संपल्यावर मी मराठी वाक्यं कोड काढून आणि क्रम विस्कटून ऑफिसरना दिली, सोबत नियमावलीची इंग्रजी यादी. कोणतं वाक्य कोणत्या कोडचं ते त्यांनी ओळखायचं होतं. H319 ला मी 'डोळ्यांना गंभीर इजा' अशी शब्दरचना केली होती, ती त्यांनी H318 ला जोडली. H318 मध्ये कायमची हानी आहे, H319 मध्ये बरी होणारी तीव्र जळजळ. वाक्य बदलून 'डोळ्यांची तीव्र जळजळ होते' केलं, पुन्हा दिलं, तेव्हा जुळलं. बाकी सगळे कोड पहिल्याच वेळी बसले. ज्याला इटालियन येत नाही अशा माणसाकडूनही ही चाचणी करून घेता येते.

पहिल्या विभागात तातडीच्या संपर्कासाठी इटलीतल्या विषबाधा केंद्रांचे क्रमांक होते. ते काढता येत नाहीत, कारण तो उत्पादकाचा मजकूर आहे. त्यांच्याखाली '१०८' आणि कारखान्यानं ठरवलेल्या रुग्णालयाचा क्रमांक 'भारतासाठी, कारखान्याने जोडलेले' असं लिहून टाकला. पंधराव्या विभागात, २४ ऑगस्ट २०२३ पासून योग्य प्रशिक्षण घेतल्यावरच औद्योगिक वापराला परवानगी, असं वाक्य आहे. ते युरोपीय संघाचं बंधन आहे, नागपुरात लागू नाही, तसं कंसात नोंदवलं. तरी ऑफिसरनी ते वाचून बूथवरच्या सगळ्यांसाठी प्रशिक्षण ठेवलं.

प्रत्येक पानाच्या तळाशी इटालियन पत्रिकेची आवृत्ती आणि तारीख दिली आहे, कार्डावरही दिली आहे. नव्या खेपेसोबत वेगळी तारीख आली, तर स्टोअरकीपरनं आधी दुसऱ्या विभागातले कोड कार्डाशी ताडून पाहायचे. एकही कोड बदललेला दिसला तर कार्ड उतरवायचं आणि डबे बूथवर न देता पत्रिका ऑफिसरकडे द्यायची, असं ठरलं आहे.